डावीकडे सरकलेलं रक्त

निफाडकडच्या एका बाईंचा मुलगा आमच्या लॅबच्या काउंटरपाशी रिपोर्ट उलटसुलट करून पाहत उभा होता. आई ६२ वर्षांची, मधुमेह जुना, दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप. रिपोर्टच्या तळाशी मी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "मॅडम, हे 'शिफ्ट टू लेफ्ट' म्हणजे डाव्या बाजूला काय सरकलंय? फुफ्फुसात आहे का काही?"

प्रश्न अगदी रास्त होता. 'डावीकडे' म्हटल्यावर माणूस आधी स्वतःच्या अंगाकडेच बघणार. पण हे डावं-उजवं शरीरातलं नाही, कागदावरचं आहे. योझेफ आर्नेट या जर्मन डॉक्टरानं १९०४ साली संसर्गाच्या रोग्यांमधल्या न्यूट्रोफिल पेशींवर पुस्तक लिहिलं. पांढऱ्या पेशींतल्या या शिपायांचं केंद्रक तुकड्यातुकड्यांचं असतं. त्या तुकड्यांच्या संख्येवरून आर्नेटनं पाच रकाने पाडले: एकच तुकडा असलेल्या पेशी अगदी डावीकडे, पाच किंवा जास्त तुकड्यांच्या अगदी उजवीकडे. पेशीचं वय वाढतं तसे तुकडेही वाढतात, असा त्याचा हिशोब. संसर्ग झाला की आकड्यांचा भार डावीकडच्या रकान्यांत सरकतो, हे त्याला दिसलं. पुढे व्हिक्टर शिलिंगनं ही किचकट मोजणी सोपी केली आणि अस्थिमज्जेतल्या कच्च्या पेशींपासून पक्क्यापर्यंतचा क्रम डावीकडून उजवीकडे मांडला. आज आपण वापरतो तो क्रम जवळजवळ तोच. आर्नेट जर उर्दू लिहिणारा असता, तर आज नाशिकच्या लॅबमध्ये 'शिफ्ट टू राइट' छापलं गेलं असतं.

क्रम असा. मायलोसाइटचं केंद्रक गोल किंवा लांबट गोल. मेटामायलोसाइटमध्ये त्याला एका बाजूनं खळगा पडतो आणि ते राजम्याच्या दाण्यासारखं दिसू लागतं. त्यानंतर बँड पेशी, तिचं केंद्रक वाकलेल्या पट्टीसारखं किंवा घोड्याच्या नालेसारखं. जुने लोक तिला अजून 'स्टॅब' म्हणतात. शेवटी पक्का न्यूट्रोफिल, ज्याचे तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. निरोगी माणसाच्या रक्तात हा पक्का शिपाई आणि थोडेफार बँड सापडतात. मेटामायलोसाइट आणि मायलोसाइट यांनी मज्जेतच राहायचं असतं. शरीरात कुठे मोठी मागणी निघाली की मज्जा आधी पक्क्या पेशींचा साठा मोकळा करते, मग बँड पाठवते, आणि तेही पुरेनासे झाले की शिकाऊ पोरांनाही मैदानात उतरवते. रक्तात ही पोरं दिसली की समजायचं, गोदामाच्या तळाला हात गेला आहे.

आता त्या बाईंच्या रक्ताकडे. जांभळ्या टोपणाची नळी यंत्रात गेली आणि एका मिनिटात आकडे आले. एकूण पांढऱ्या पेशी ५,२००. न्यूट्रोफिल ८१ टक्के, लिम्फोसाइट ९, मोनोसाइट ९, इओसिनोफिल १. एकूण आकडा पाहिला तर अगदी नॉर्मल, ४,००० ते ११,००० च्या आत. घाईच्या डॉक्टरानं फक्त तेवढंच पाहिलं असतं तर 'व्हायरल दिसतंय' म्हणून गोळ्या लिहिल्या असत्या. पण यंत्रानं खाली एक झेंडा लावला होता: कच्च्या पेशी असाव्यात, स्लाइड पाहा. यंत्र पेशी ओळखतं ते तिच्या आकारावरून, तिनं विखुरलेल्या प्रकाशावरून आणि रंग किती धरते यावरून. केंद्रकाच्या मानेची जाडी ते पाहत नाही. त्यामुळे बँड आणि पक्का न्यूट्रोफिल यांचा निवाडा अजून माणसाच्या डोळ्यावरच सोडलेला आहे.

स्लाइड आमच्याकडे नव्यानं आलेल्या डीएमएलटी झालेल्या मुलीनं काढली आणि पहिले १०० तिनंच मोजले. पक्के ७३, बँड ९, लिम्फोसाइट ७, मोनोसाइट १०, इओसिनोफिल १. बेरीज १००. यंत्राशी तिचे आकडे छान जुळत होते, म्हणून ती खुशीत होती. मला शंका आली ती मोनोसाइटच्या दहामुळे.

मी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तेव्हा ती स्लाइडच्या जाड भागात मोजत होती असं दिसलं. रक्ताचा थेंब दुसऱ्या काचेनं ३० ते ४५ अंशांच्या कोनात ओढला की जिभेसारखा आकार उमटतो. थेंबाकडची बाजू जाड, मग हळूहळू पातळ होत जाणारी, शेवटी पिसाच्या टोकासारखी विरळ शेपूट. जाड भागात लाल पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, पांढऱ्या पेशी उभ्या राहून वाळतात आणि आक्रसतात. केंद्रकाच्या घड्या एकावर एक पडतात, मान दिसतच नाही. अगदी शेपटीत याउलट: पेशी पसरून फाटतात, आणि न्यूट्रोफिल-मोनोसाइटसारख्या मोठ्या पेशी ओढल्या जाऊन तिथे आणि दोन्ही कडांना गोळा होतात. छोटे लिम्फोसाइट मध्यभागी राहतात. म्हणजे एकाच माणसाचं एकाच थेंबातलं रक्त, पण कडेनं चाललात तर न्यूट्रोफिल जास्त, मधून चाललात तर लिम्फोसाइट जास्त. मोजणारा प्रामाणिक असूनही आकडा खोटा निघू शकतो तो इथेच.

म्हणून चालायची वाट ठरलेली असते. लाल पेशी शेजारी शेजारी, जेमतेम एकमेकींना टेकतील अशा बसलेल्या पट्ट्यात यायचं. तेलाचा थेंब टाकून १०० चं भिंग लावायचं. मग कडेपासून सुरुवात करायची: काही फील्ड कडेला समांतर, तिथून दोन-तीन फील्ड आत, पुन्हा काही फील्ड समांतर, मग परत कडेकडे. कागदावर काढलं तर ही रेघ किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी दिसते, वर-खाली, वर-खाली. इंग्रजीत तिचं नावही तटाच्या चर्यांवरूनच पडलं आहे. काही जण जिभेच्या रुंदीला आडवं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात आणि शेतात नांगर वळतो तसं वळून परत येतात. माझ्या मते दोन्ही वाटा ठीक, अट एवढीच की कड आणि मध्य दोन्ही त्यांच्या हिश्शानं यावेत, आणि एकदा पाहिलेलं फील्ड पुन्हा येऊ नये. सगळ्यात वाईट सवय म्हणजे स्क्रू फिरवत मनाला येईल तिकडे भटकणं. भटकणारा डोळा नकळत मोठ्या, ठसठशीत रंगाच्या पेशींकडे वळतो.

वाटेत भेटलेली प्रत्येक पांढरी पेशी मोजायची. ही ओळखत नाही म्हणून सोडून पुढे जायचं नाही. विद्यार्थ्यांची मोठी चोरी हीच असते, आणि गंमत अशी की ओळखायला कठीण असतात त्या नेमक्या कच्च्या पेशी. सोडून दिल्या की लेफ्ट शिफ्ट आपोआप 'बरा' होतो. नाशिकला दिंडोरी रस्त्यावर आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ पासून राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याशी जोडली गेली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ही मोजणी असते, आणि वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखून एकेका घरात एकेका पेशीचं आद्याक्षर लिहायचं असतं. पुढे आयुष्यात बटणांचं काउंटर हाती येतं, शंभराला घंटा वाजते, आणि तो चौकोन विसरला जातो. मला अजून तो आवडतो, कारण त्यात ओळीनुसार फरक दिसतो. पहिल्या ओळीत दोन बँड आणि सातव्या ओळीत पाच, तर आपण कुठल्या भागात शिरलो हे तिथल्या तिथे कळतं. काउंटर फक्त बेरीज सांगतं.

मी तीच स्लाइड पुन्हा, चर्यांच्या वाटेनं, २०० पेशींपर्यंत मोजली. पक्के ११२, बँड ४४, मेटामायलोसाइट १२, मायलोसाइट ४, लिम्फोसाइट १८, मोनोसाइट ८, इओसिनोफिल २. टक्क्यांत ५६, २२, ६, २, ९, ४, १.

मोनोसाइट १० वरून ४ वर आले. त्या मुलीनं मेटामायलोसाइटना मोनोसाइट समजून बटण दाबलं होतं. यंत्राच्या नऊमध्येही काही त्यांच्यातलेच असणार. दोघांचे आकडे जुळले ते दोघांची चूक एकच असल्यामुळे. दोघांत फरक करायला केंद्रकाचा आकार उपयोगी नाही, दोन्हीकडे राजमाच दिसतो. पाहायचं ते बाकीचं. मोनोसाइटचं पेशीद्रव्य राखाडी-निळं, घासलेल्या काचेसारखं धुरकट, आणि केंद्रकातलं जाळं सैल, विरळ. मेटामायलोसाइटचं पेशीद्रव्य गुलाबीकडे झुकलेलं, त्यात न्यूट्रोफिलचे बारीक कण, आणि केंद्रक घट्ट गोळ्यागोळ्यांचं.

बँडची कहाणी याहून वादग्रस्त आहे. तिनं ९ पाहिले, मी २२. काही जाड भागामुळे हुकले, पण सगळेच नाही. व्याख्येतच खोट आहे. सध्या बहुतेक ठिकाणी नियम असा: दोन तुकड्यांमधली मान जर नुसता धागा असेल, म्हणजे तिच्या दोन कडांमध्ये केंद्रकाचा पदार्थ दिसत नसेल, तर पेशी पक्की. कडा वेगळ्या दिसतात आणि मध्ये पदार्थ आहे, तर बँड. केंद्रक दुमडलेलं आहे आणि मान दिसतच नाही, तर संशयाचा फायदा देऊन पक्की. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकच स्लाइड पाच अनुभवी माणसांना द्या, बँडचे पाच वेगळे आकडे येतील. म्हणूनच रक्तशास्त्राच्या प्रमाणीकरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं २०१५ च्या शिफारशींत म्हटलं की बँड न्यूट्रोफिलमध्येच धरा, वाढलेले दिसले तर शेऱ्यात लिहा. मेटामायलोसाइट, मायलोसाइट आणि त्याहून कच्च्या पेशी मात्र वेगळ्या मोजा.

मला ही शिफारस पटते आणि नाहीही. बँड ६ की ८ यावर भांडण्यात अर्थ नाही, हे खरं. पाच मायक्रोलिटरचा थेंब धरला तरी त्यात या बाईंच्या २६,००० पांढऱ्या पेशी होत्या, आणि आपण त्यातल्या शंभर उचलून निकाल देतो. रूमके या डच संख्याशास्त्रज्ञानं १९५९ च्या सुमारास याचं कोष्टक करून ठेवलं आहे. शंभरात ८ बँड सापडले, तर खरा आकडा ३ पासून १६ पर्यंत कुठेही असू शकतो, तेही मोजणाऱ्याची एकही चूक न होता. दोनशे मोजले आणि १६ सापडले, तर ही फट ४ ते १३ इतकी आवळते. दुप्पट कष्ट करून फट निम्मीही होत नाही. त्यामुळे काल ५ बँड होते आणि आज ९ झाले, म्हणून आजार बळावला, असं शंभराच्या मोजणीवरून म्हणणं म्हणजे ढगाकडे बघून पावसाचे मिलिमीटर सांगणं. पण इथे २०० मध्ये ४४ बँड होते, आणि सोबत ज्यांनी रक्तात यायलाच नको अशा १६ पेशी. एवढा मोठा आकडा नशिबानं येत नाही. असा आकडा नुसत्या 'न्यूट्रोफिल ८६' मध्ये बुडवला, तर ज्याच्यासाठी स्लाइड पाहिली तेच हरवतं.

सेप्सिसच्या जुन्या निकषांत, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, पांढऱ्या पेशींचा निकष तीन पर्यायांचा होता: १२,००० च्या वर, किंवा ४,००० च्या खाली, किंवा कच्च्या पेशी १० टक्क्यांहून जास्त. २०१६ च्या नव्या व्याख्येत तो निकष मागे पडला, पण त्यातली तिसरी अट नेमकी अशा रोग्यांसाठी होती. मज्जा पेशी पाठवते आहे, जंतूंच्या जागी त्या तितक्याच वेगानं खर्ची पडताहेत, आणि मधल्या रस्त्यावर, म्हणजे रक्तात, मोजणी केली तर गर्दी नेहमीसारखीच. ५,२०० हा नॉर्मल आकडा होता, पण तो शांततेचा नव्हता.

सगळाच लेफ्ट शिफ्ट संसर्गाचा नसतो, म्हणून पेशींची उतरंडही पाहावी लागते. संसर्गात मडक्यांची उतरंड शाबूत असते: खाली पक्के सर्वांत जास्त, वर बँड, त्यावर मेटामायलोसाइट, टोकाला मायलोसाइट. ५६, २२, ६, २. हीच उतरंड मध्येच फुगली, मायलोसाइट मेटामायलोसाइटपेक्षा जास्त निघाले आणि सोबत बेसोफिलही वाढलेले दिसले, तर ती जुनाट मायलॉइड ल्युकेमियाची शंका असते आणि वाट वेगळी. काही माणसांच्या न्यूट्रोफिलचं केंद्रक जन्मापासूनच दोन तुकड्यांचं, चष्म्यासारखं राहतं. घाईत ते बँड वाटतात, पण केंद्रक घट्ट पिकलेलं असतं आणि माणूस ठणठणीत असतो. बाळंतपणाच्या आसपासही थोडे बँड दिसतात.

या बाईंच्या न्यूट्रोफिलमध्ये जाड, गडद जांभळे कण होते, कडेला फिकट निळे डाग होते, आणि काहींत पोकळ्या. या तिन्ही खुणांना 'टॉक्सिक' बदल म्हणतात, आणि लेफ्ट शिफ्टच्या शेजारी त्या दिसल्या की संसर्गाचा संशय घट्ट होतो. पोकळ्यांवर मात्र विश्वास ठेवण्याआधी नळी कधी भरली ते विचारावं. सुरगाणा, पेठ, कळवणच्या कलेक्शन सेंटरवरून संध्याकाळी नाशिकला पोहोचणाऱ्या नळीतलं रक्त चार-पाच तास गुठळीरोधक मिठात बसलेलं असतं. तेवढ्यात पेशींना नुसत्या शिळेपणानं पोकळ्या पडतात आणि केंद्रकं गोळा होऊ लागतात. असा नमुना असेल तर मी सेंटरवाल्यांना सांगते की नळीसोबत तिथेच ओढून वाळवलेली एक स्लाइड पाठवा. पावसाळ्यात तीही चटकन पंख्याखाली वाळवा, नाहीतर ओलीनं लाल पेशींना चमकणारी भोकं पडतात. रंगातलं मिथेनॉलही हवेतलं पाणी ओढून घेतं. लीशमन रंग साधारण दोन मिनिटं, मग दुप्पट बफर पाणी टाकून आठ-दहा मिनिटं. बफर ६.८ चा हवा. नळाचं पाणी वापरलं की सगळंच निळसर होतं, आणि मग प्रत्येक न्यूट्रोफिल टॉक्सिक दिसू लागतो. बाईंची नळी ताजी होती, अर्ध्या तासापूर्वीची.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: एकूण पांढऱ्या पेशी संख्येनं नॉर्मल. न्यूट्रोफिलमध्ये ठळक लेफ्ट शिफ्ट, बँड २२, मेटामायलोसाइट ६, मायलोसाइट २ टक्के, २०० पेशींच्या मोजणीवर. टॉक्सिक कण आणि निळे डाग उपस्थित. हे शेवटचे '२०० पेशींच्या मोजणीवर' शब्द बरेच जण गाळतात, पण आकडा किती भरवशाचा हे वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं. नुसतं 'शिफ्ट टू लेफ्ट' लिहिणं मला आळशीपणा वाटतो. तीन टक्के वाढीलाही तेच शब्द आणि तीस टक्क्यांनाही तेच. मग रिपोर्ट छापायच्या आत डॉक्टरांना फोन केला. लघवीच्या नमुन्यातही पू पेशी भरपूर होत्या. बाईंना त्याच दुपारी दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

मुलगा काउंटरपाशी आला तो त्यानंतरचा. त्याला मी रकाने काढून दाखवले: इथे कच्ची पोरं, इथे जाणते, आईच्या रक्तात आज भार या डावीकडच्या खान्यांवर आहे. त्यानं मान हलवली, किती पटलं ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो दुसरा रिपोर्ट घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आला. एकूण पांढऱ्या पेशी ११,४०० झाल्या होत्या, शेजारी वर जाणारा बाण छापलेला. "मॅडम, परवा पाच हजार होत्या, आज अकरा! वाढलं की हो इन्फेक्शन!" मी त्याला बाणाखालची ओळ वाचायला सांगितली. बँड ९, मेटामायलोसाइट १, मायलोसाइट नाही. खर्च कमी झाला होता, मज्जेचा पुरवठा पुढे गेला होता, आणि रस्त्यावर गर्दी दिसत होती ती जाणत्यांची. त्यानं परवाचा रिपोर्ट खिशातून काढून आजच्याशेजारी ठेवला आणि बोटानं रकाने मोजत म्हणाला, "म्हणजे आता उजवीकडं निघालंय."